DSC_0417.JPG हे नाव आलं कुठून?

कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवला की त्याचं नाव `DSC_0417.JPG` किंवा `IMG_0417.JPG` असं काहीतरी असतं. बरेच फोटोग्राफर फोटो त्याच नावाने आणि त्याच आकारात पोर्टफोलिओच्या पानावर चढवतात, पण गूगलच्या शोधात दिसायचं तर या दोन्हींचा विचार करावा लागतो. या नावाचं मूळ एमएस-डॉसच्या काळात आहे. तेव्हा फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन, एवढीच जागा असे. मेमरी कार्डांनी तीच फाइलपद्धत उचलली. 1998 मध्ये जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने कॅमेऱ्यांसाठी डीसीएफ नावाचा नियम केला. कार्डावर `DCIM` नावाचं फोल्डर, नावाची पहिली चार अक्षरं कॅमेरा ठरवणार आणि पुढे 0001 ते 9999 असा आकडा. कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर लावलेला असेल तर नाव अंडरस्कोरने सुरू होतं, म्हणजे `_DSC0417.JPG`.

एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्याच्या प्रिंटरला वाचता यावं, एवढाच या नियमाचा हेतू. फोटोत काय आहे ते सांगायला त्यात जागाच नव्हती. शिवाय 9999 नंतर आकडा पुन्हा 0001 वर येतो, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यातून त्याच नावाचे दोन वेगळे फोटो निघतात. वेबसाइटच्या एकाच फोल्डरमध्ये ते चढवले तर दुसरा पहिल्याच्या जागी बसतो, आणि जुन्या पानावर अचानक भलताच फोटो दिसू लागतो.

वेबवर चित्र मजकुरासोबत दाखवण्याची सोय 1993 मध्ये मोझॅक ब्राउझरने लोकप्रिय केली. गूगलचा चित्रशोध जुलै 2001 मध्ये आला. त्या शोधाला चित्र दिसत नव्हतं, फक्त शब्द वाचता येत होते: फाइलचं नाव, चित्रात काय आहे ते पानाच्या कोडमध्ये सांगणारा ऑल्ट मजकूर, फोटोखालची ओळ आणि आजूबाजूचा परिच्छेद. पोर्टफोलिओचं पान म्हणजे बहुधा नुसते फोटो, मजकूर जवळपास नाहीच. म्हणून तिथे फाइलच्या नावावर इतर पानांपेक्षा जास्त भार पडला.

आता यंत्रांना चित्रातल्या वस्तू बऱ्यापैकी ओळखता येतात आणि नावाचं वजन घटलं आहे. गूगल स्वतः फाइलच्या नावाला हलकासा संकेतच म्हणतं. म्हणजे नाव बदललं आणि फोटो वर आला, असं होत नाही. पण कुंभाराच्या फोटोतलं चाक आणि मातीने माखलेले हात यंत्राने ओळखले, तरी तो फोटो रांजणाच्या काठाला आकार देतानाचा आहे हे त्याला शब्दांतूनच कळण्याची शक्यता जास्त.

समजा असाच कुंभाराचा एक फोटो आहे. त्याचं नाव `potter-shaping-jar-rim.jpg` ठेवावं. शब्दांमध्ये हायफन असावा, अंडरस्कोर नको. गूगलची सुरुवातीची पद्धत अंडरस्कोरने जोडलेले शब्द एकच धरण्याची होती, कारण प्रोग्रामिंगमध्ये अशी जोडलेली नावं अखंड शोधावी लागतात. तेव्हापासून हायफनचा सल्ला कायम आहे. मोकळी जागा सोडली तर पत्त्यात तिचं `%20` होतं. अक्षरं सगळी लहान ठेवावीत, कारण बऱ्याच सर्व्हरांना `.JPG` आणि `.jpg` या दोन वेगळ्या फाइली वाटतात. स्वतःच्या संगणकावर फोटो दिसतो आणि वेबसाइटवर चढवला की तुटक्या चित्राची खूण येते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

देवनागरी नावही चालतं. मात्र पत्ता कॉपी केला की एकेका चिन्हाचे नऊ वर्ण होतात. `लग्न` या शब्दात हलन्त धरून चार चिन्हं आहेत, त्याचं हे होतं:

```
%E0%A4%B2%E0%A4%97%E0%A5%8D%E0%A4%A8
```

शोधयंत्राला हे वाचता येतं, पण कुणाला पाठवायला ते गैरसोयीचं. म्हणून फाइलचं नाव रोमन लिपीत आणि ऑल्ट मजकूर मराठीत, ही विभागणी आम्हाला सोयीची वाटते. एकच शब्द नावात चारदा कोंबण्याची जुनी खोड मात्र सोडावी.

आकाराची गोष्टही जुनीच आहे. जेपेग प्रमाण 1992 चं. ते चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे टाकून देतं. त्या काळी प्रश्न डिस्कवरच्या जागेचा आणि संथ जोडणीचा होता, शोधात दिसण्याशी त्याचा संबंध नव्हता. तो जुळला 2010 मध्ये. त्या वर्षी गूगलने पानाचा वेग क्रमवारीत धरायला सुरुवात केली, 2018 मध्ये मोबाइलवरच्या शोधालाही तो लागू केला. 2021 पासून पानावरचा सर्वांत मोठा घटक किती वेळात दिसतो तेही मोजलं जातं. 2.5 सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं. पोर्टफोलिओत हा घटक म्हणजे जवळपास नेहमी वरचा पहिला फोटो.

कुंभाराचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख पिक्सेल. पानावर तो 2000 पिक्सेल रुंद दाखवायचा असेल तर लांबी-रुंदी एक तृतीयांश होते आणि पिक्सेल एक नवमांश उरतात. मोठी बचत इथे होते. गुणवत्तेचा आकडा त्यानंतर येतो. अनेक जण आकार तसाच ठेवून गुणवत्ता 40 वर आणतात. मग आकाशात चौकोन दिसू लागतात आणि फाइल तरीही जडच राहते. आज्ञा लिहून चित्रं बदलणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्राममध्ये हे काम असं होतं, `sRGB.icc` ही रंगांची प्रोफाइल फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी:

```
magick DSC_0417.JPG -auto-orient \
  -profile sRGB.icc -resize 2000x \
  -quality 80 -interlace Plane \
  potter-shaping-jar-rim.jpg
```

फोटो दर वेळी मूळ फाइलवरूनच काढावा. आधीच दाबलेली जेपेग पुन्हा दाबली की नुकसान साठत जातं. 80 हा आकडाही या प्रोग्रामपुरता. दुसरीकडे मोजपट्टीच वेगळी असू शकते.

फोटोसोबतची जोडमाहिती पुसणारं `-strip` या आज्ञेत मुद्दाम घातलेलं नाही. त्याने थोडे किलोबाइट वाचतात, पण रंगाचा प्रोफाइल जातो. अडोबी आरजीबीतला फोटो रूपांतर न करता प्रोफाइलविना चढवला की त्वचेचे आणि लाल कापडाचे रंग फिके पडतात. सोबत फोटोग्राफरचं नाव वगैरे फाइलमध्येच नोंदणारी आयपीटीसी माहितीही पुसली जाते. फोटो कुणाचा हे गूगल 2018 पासून त्या माहितीवरून चित्रशोधात दाखवू शकतं. फोटोग्राफरला ओळख मिळवून देणारी ओळ वाचवलेल्या किलोबाइटांपेक्षा जास्त मोलाची.

दोन चुका मात्र नाव आणि आकार दोन्ही ठीक असताना घात करतात. फोटो सीएसएसमध्ये पार्श्वभूमी म्हणून लावला की गूगल तो चित्रशोधात घेत नाही. बरेच सरकते स्लायडर असेच बनलेले असतात. तपासायला फोटोवर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट उघडावं आणि तिथे `img` दिसतं का पाहावं. दुसरी चूक पहिल्याच फोटोला `loading="lazy"` लावण्याची. खालच्या फोटोंसाठी ते योग्य आहे, पण वरच्याला लावलं की ब्राउझर मांडणी होईपर्यंत त्याला हात लावत नाही आणि 2.5 सेकंदांचं गणित बिघडतं.

जुन्या पानावर हे सगळं एकदम करायचा मोह होतो, तिथे जरा थांबावं. नाव बदललं की चित्राचा पत्ता बदलतो आणि शोधयंत्राच्या लेखी ते नवं चित्र असतं. चित्रांचे पत्ते पानांपेक्षा कमी वेळा तपासले जातात, म्हणून जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेणारं कायमस्वरूपी 301 वळण सर्व्हरवर लावावं आणि ते काढू नये. शोधातून आधीच लोक येत असलेल्या फोटोचं नाव बदलूच नये. तिथे फक्त आकार कमी करून तीच फाइल त्याच नावाने पुन्हा चढवावी.