प्रार्थनेचे दहा सेकंद

"प्रार्थनेनं काही होत नाही म्हणतोस, मग मला शांत का वाटतं?" चढ संपता संपता मित्राने विचारले. चाळीस वर्षांची मैत्री आहे आमची. तो आस्तिक, मी नास्तिक, आणि फिरायला निघालो की वाद ठरलेलाच.

"वाटतं खरं, पण ऐकणारा कुणी असायलाच हवा असं नाही," मी म्हणालो आणि त्याला कट्ट्यावर बसवले. दम ओसरल्यावर म्हटले, "आता म्हण तुझी प्रार्थना. मी श्वास मोजतो." मिनिटात सहा भरले. एरवी स्वस्थ बसलेला माणूस साधारण बारा ते अठरा वेळा श्वास घेतो.

हा सहाचा आकडा 2001 साली इटालियन संशोधकांनाही सापडला होता. त्यांनी 23 निरोगी माणसांना 'आवे मारिया' ही लॅटिन ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या; तरी दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद.

दहाच का महत्त्वाचे? मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत रक्तदाबाचे पहारेकरी असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि मेंदूच्या तळाशी संदेश जातो. तिथून हृदयाला 'सावकाश' असा हुकूम लगेच पोचतो. रक्तवाहिन्या सैल पडायला मात्र काही सेकंद लागतात. या उशिरामुळे दुरुस्ती गरजेपेक्षा पुढे जाते, मग उलटी दुरुस्ती होते, आणि रक्तदाब सुमारे दहा सेकंदांच्या लयीत हेलकावत राहतो. श्वासानेही दाब वरखाली होतो. दोघांची लय जुळली, की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे हेलकावे मोठे होतात.

त्या प्रयोगात पहारेकऱ्यांची तत्परताही वाढली. दाब एक मिलिमीटर वाढला की दोन ठोक्यांमधले अंतर आधी 9.5 मिलिसेकंदांनी लांबत होते, ते 11.5 ने लांबू लागले.

"बघ, सिद्ध झालं!" मित्र खूश.

"देव नाही, श्वास सिद्ध झाला. घड्याळ बघून मिनिटाला सहा श्वास घेतलेस तरी ही लय जुळते." तो परिणामही त्या वेळेपुरता मोजलेला, यावरून 'मंत्राच्या कंपनांनी रोग बरे होतात' म्हणणाऱ्यांनी प्रयोग वाचलेलाच नसतो.

"आणि दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना?"

तेही तपासलेय. 2006 साली बायपासच्या सुमारे 1,800 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नसलेल्यांत, ती झालेल्या 52 टक्के आणि न झालेल्या 51 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. होतेय हे नक्की ठाऊक असलेल्यांत मात्र 59 टक्के.

"म्हणजे सांगायचं नाही," मित्र म्हणाला. "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मीही सांगितलं नव्हतं."


मी उठलो. उतारावर तो पुन्हा पुटपुटू लागला. चालताना मात्र त्याचा श्वास मध्येच तुटत होता.