नोकरीत वाजवी सोय मागताना: पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि नियोक्त्याच्या नकाराची मर्यादा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. दिव्यांग व्यक्तीला आपले हक्क इतरांच्या बरोबरीने बजावता यावेत यासाठी केलेला आवश्यक आणि योग्य असा बदल म्हणजे वाजवी सोय, मात्र त्या विशिष्ट प्रकरणात तिचा भार प्रमाणाबाहेरचा किंवा अवाजवी नसावा, असे कलम २ मधील व्याख्या सांगते. भेदभावाची व्याख्याही याच कलमात आहे आणि वाजवी सोय नाकारणे हा तिच्यात भेदभावाचाच एक प्रकार मानला आहे. त्यामुळे अर्ज हातात पडल्यावर ‘एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल’ असे उत्तर देणारा नियोक्ता मूळ प्रश्नाला हातच घालत नाही. संबंधित व्यक्तीला कामात नेमका कोणता अडथळा येतो आणि तो कोणत्या बदलाने दूर होतो, एवढेच त्याने तपासायचे असते.

पात्रतेबाबत सर्वाधिक गैरसमज चाळीस टक्क्यांच्या अटीचा आहे. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी, म्हणजे प्रमाणपत्रानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. वाजवी सोयीला ही अट लागू नाही. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांच्या कमतरतेमुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्या व्यक्तीच्या पूर्ण सहभागात बाधा येते, ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग असते आणि सोय मागण्यास तेवढे पुरते. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हाच फरक स्पष्ट केला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या परीक्षार्थीचे दिव्यांगत्व लक्षणीय या वर्गात बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारणे न्यायालयाने मान्य केले नाही. सोय ठरवताना संबंधित व्यक्तीशी संवाद झाला पाहिजे, हेही त्याच निकालात आले आहे.

अर्जासाठी कायद्याने ठरावीक नमुना दिलेला नाही. खाजगी आस्थापनेत वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील, तर तिच्या समान संधी धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांना पुरवायच्या सुविधा नमूद असाव्या लागतात आणि संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. हे धोरण संकेतस्थळावर किंवा कार्यालयात ठळक जागी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, म्हणून अर्जदाराने आधी ते वाचावे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. प्रमाणपत्राची प्रक्रिया अपुरी असेल तर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र जोडावे. या पत्रात आजाराच्या इतिहासापेक्षा कामाशी संबंधित मर्यादा लिहिलेल्या असाव्यात: किती वेळ उभे राहता येते, कोणत्या आकाराचा मजकूर वाचता येतो, कोणत्या प्रकाशात दिसत नाही. नियोक्त्याला निर्णय घेण्यासाठी हीच माहिती लागते आणि सगळे वैद्यकीय कागद मागण्याचे त्याला सहसा कारण नसते. आपल्या पदाच्या कामाचे लेखी वर्णन मिळत असेल तर तेही जोडावे, कारण पुढची सगळी चर्चा त्याच कागदाभोवती फिरते.

एक काल्पनिक प्रकरण शेवटपर्यंत पाहू. साठ कर्मचाऱ्यांच्या एका खाजगी आस्थापनेत पुरवठादारांची बिले तपासून संगणकात नोंदवणाऱ्या कर्मचारी महिलेला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा विकार आहे. या विकारात बहुधा आधी रातांधळेपणा येतो आणि मग दृष्टीचा परीघ आकसत जातो. तिने अर्जात चार गोष्टी मागितल्या: पडद्यावरचा मजकूर मोठा करणारी आणि वाचून दाखवणारी संगणक प्रणाली, अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता यावे म्हणून कामाची वेळ एक तास अलीकडे घेणे, हाताने लिहिलेल्या पावत्या पडताळण्याचे काम सहकाऱ्याकडे देऊन त्याच्याकडचा पुरवठादारांशी फोनवरील पाठपुरावा आपल्याकडे घेणे, आणि महिन्याला नोंदवायच्या बिलांची संख्या कायमची निम्मी करणे.

पहिल्या तीन मागण्यांमध्ये कामाची रीत बदलते, मात्र कामाचे प्रयोजन आणि त्याचा दर्जा तसाच राहतो. बिल बरोबर तपासले जाते, वेळेत नोंदवले जाते आणि चूक झाल्यास तिला इतरांइतकेच जबाबदार धरले जाते. कामाच्या मूळ अपेक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करणारा बदल ही वाजवी सोय, तर ती अपेक्षाच एका व्यक्तीपुरती कायमची खाली आणणारा बदल ही खास वागणूक, असा फरक करता येतो. चौथी मागणी या दुसऱ्या बाजूला झुकते. पण येथेही घाईने नकार देणे चुकीचे ठरेल. नवी प्रणाली हाताळायला शिकेपर्यंत काही महिने उद्दिष्ट कमी ठेवणे ही सोयच आहे, कारण त्या काळातला कमी वेग हा नव्या साधनाच्या सरावातून आलेला असतो. शिवाय निम्म्या संख्येची मागणी अनेकदा मुळात वाईट साधनांमुळे आलेली असते आणि साधन नीट मिळाले की ती आपोआप मागे पडते. म्हणून आधी साधन, मग काही काळ मोजमाप आणि त्यानंतर उद्दिष्टाचा निर्णय, हा क्रम मला योग्य वाटतो.

तिसरी मागणी अधिक नाजूक आहे, कारण तिच्यात दुसऱ्याच्या कामाला हात लागतो. हस्तलिखित पावत्या पडताळणे हा त्या पदाचा गाभा आहे की जोडकाम, हे पाहावे लागते. त्या कामाला दिवसाचा किती वेळ जातो, पद त्यासाठीच निर्माण झाले आहे का आणि ते करू शकणारे आणखी किती जण आहेत, या प्रश्नांवरून ते ठरते. आपल्या प्रकरणात हे काम दिवसातून जेमतेम अर्धा तास चालते आणि अदलाबदलीत सहकाऱ्याला तेवढ्याच वेळाचे काम सोडता येते, त्यामुळे मागणी मान्य होण्यासारखी आहे. हीच व्यक्ती केवळ हस्तलिखित अभिलेख पडताळण्यासाठी नेमलेली असती, तर ते काम काढून घेतल्यावर पदच उरले नसते आणि मग सोयीऐवजी दुसऱ्या पदाचा विचार करावा लागला असता. सहकाऱ्यांची नाराजी हा मात्र नकाराचा आधार होऊ शकत नाही. त्यांच्या कामावर प्रत्यक्ष किती ताण येतो, हे मोजून दाखवता आले तरच तो मुद्दा विचारात येतो.

आरक्षण या तुलनेतून वेगळे ठेवावे. पदे राखून ठेवणे ही एका वर्गासाठी आधीच ठरवलेली विशेष उपाययोजना आहे आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे. वाजवी सोय एका व्यक्तीच्या एका अडथळ्यापुरती असते आणि त्या व्यक्तीची गरज समोर आल्याच्या क्षणापासून लागू होते. आरक्षणातून नोकरी मिळालेल्या व्यक्तीला ‘एक लाभ घेतला, आता दुसरा कशाला’ असे सांगितले जाते, तेव्हा या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

आता भाराचा प्रश्न. प्रणालीच्या बाबतीत आपल्या आस्थापनेपुढे खरी अडचण आली. पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली विनामूल्य आहे, पण कार्यालयाचे जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर तिला वाचता येत नाही. ते नव्याने बांधून देण्यासाठी पुरवठादाराने सांगितलेली रक्कम आस्थापनेच्या वर्षभराच्या एकूण वेतनखर्चाच्या निम्म्याइतकी होती. साठ जणांच्या आस्थापनेसाठी हा भार अवाजवी आहे, असे सहज दाखवता येईल. तरीही नियोक्त्याचे कर्तव्य येथे संपत नाही, कारण अवाजवी ठरली ती एक विशिष्ट पद्धत. तपासायच्या बिलांचा तपशील रोज सकाळी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये काढून दिला, तर एनव्हीडीए तो वाचू शकते; कर्मचारी त्यात नोंद करते आणि संध्याकाळी ती फाइल पुन्हा मुख्य सॉफ्टवेअरमध्ये भरली जाते. यासाठी एका व्यक्तीचा रोजचा थोडा वेळ लागतो. पहिला मार्ग महाग म्हणून अर्ज फेटाळणे आणि दुसरा मार्ग शोधलाच नसणे ही नकाराच्या पत्रांतली मला सर्वांत जास्त दिसलेली उणीव आहे.

भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही वाजवी सोयीची हीच व्याख्या आहे. त्या करारावरील समितीने २०१८ च्या आपल्या विवेचनात भार कसा मोजावा हे सविस्तर सांगितले आहे. खर्च, उपलब्ध साधने आणि मिळू शकणारे सरकारी अनुदान, आस्थापनेचा आकार, कामकाजावरील परिणाम, इतरांना होणारा फायदा किंवा त्रास आणि आरोग्य व सुरक्षिततेच्या रास्त गरजा हे सगळे एकत्र पाहायचे असते. आकार मोजताना संपूर्ण संस्थेची साधने धरायची असतात. सहा जणांची एक शाखा मोठ्या संस्थेचा भाग असेल, तर ‘या शाखेच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. सोयीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही आणि भार अवाजवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियोक्त्याची आहे, असेही ही समिती स्पष्टपणे सांगते.

म्हणून नकार आला तर तो लेखी मागावा आणि त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहावे: कोणते पर्याय तपासले, प्रत्येकाचा खर्च किंवा परिणाम कशाच्या आधारे काढला आणि अर्जदाराशी चर्चा कधी झाली. यापैकी काहीच नसेल, तर भार मोजलाच गेला नाही असे म्हणायला जागा राहते.

सरकारी आस्थापनेवर कलम २० नुसार वाजवी सोय देण्याचे थेट बंधन आहे आणि तेथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते आणि समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. मूळ पद जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे पद आणि तेही शक्य नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचे जादा पद, द्यावे लागते. खाजगी आस्थापनेला कलम २० लागू नाही. तेथील कर्मचाऱ्याने कलम २ मधील भेदभावाची व्याख्या, कलम ३ मधील भेदभावाची मनाई आणि आस्थापनेचे स्वतःचे समान संधी धोरण यांचा एकत्रित आधार घेऊन राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. तक्रारीसोबत मूळ अर्ज, त्याची पोच, नकाराचे पत्र आणि सुचवलेल्या पर्यायांचा तपशील जोडावा. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, मात्र त्यांचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपात येतो. ज्या प्राधिकरणाला शिफारस केली, त्याने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते आणि शिफारस स्वीकारली नसेल तर त्याची कारणे द्यायची असतात.