किराणा बिलाचा फोटो आणि बिलातच दडलेली पडताळणी

किराणा बिलाचा फोटो काढून त्यातल्या वस्तू, कर आणि एकूण रक्कम तक्त्यात उतरवायची म्हटली की पहिला विचार अक्षर ओळखण्याचा येतो. छापील अक्षरे वाचणारी ओसीआर प्रणाली आज चांगले काम करते, पण बिलात तिची एक चूक फार महागात पडते. शब्दातले एखादे अक्षर चुकले तर वाचणाऱ्याला ते लगेच खटकते. १५२ च्या जागी १६२ वाचले गेले तर मात्र १६२ हीसुद्धा अगदी सरळ दिसणारी रक्कम असते. ती चूक डोळ्यांना दिसत नाही, ती हिशेबातच सापडते. म्हणून बिल वाचण्याचे निम्मे काम बिलातली गणिते पुन्हा मांडण्याचे आहे, असे मी मानतो.

आधी फोटोबद्दल. दुकानातले बिल थर्मल कागदावर छापले जाते. त्यात शाई नसते. छपाईयंत्रातले बारीक तापणारे ठिपके कागदावरचा लेप काळा करतात. अशा यंत्रांत साधारणपणे एका मिलिमीटरला आठ ठिपके असतात आणि अंकाची उंची सुमारे अडीच मिलिमीटर भरते. ओसीआरला अंक नीट ओळखण्यासाठी त्याची उंची फोटोत निदान २० ते ३० पिक्सेल असावी लागते. आता ४० सेंटिमीटर लांबीचे बिल ४,००० पिक्सेल उंचीच्या फोटोत काठोकाठ बसवले, तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल येतात आणि अंक २५ पिक्सेलांचा होतो, म्हणजे जेमतेम पुरेसा. त्याहून लांब बिलाचे दोन तुकड्यांत फोटो काढावेत, दोन्ही तुकड्यांत तीन-चार ओळी सामाईक ठेवाव्यात आणि जोडताना त्या ओळी दोनदा मोजल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

दुसरी अडचण ओळींची आहे. ओसीआर प्रत्येक शब्दासोबत त्याची फोटोतली जागा देते, आणि साधारण एकाच उंचीवरचे शब्द एकत्र करून आपण ओळ तयार करतो. गुंडाळीतून निघालेला कागद मात्र टेबलावर सपाट राहत नाही. मधला भाग उचललेला राहिला की ओळ वाकते आणि उजव्या टोकाची रक्कम खालच्या किंवा वरच्या वस्तूच्या पदरात जाते. अशा वेळी प्रत्येक अंक अचूक वाचला गेलेला असतो आणि तरीही तक्ता चुकलेला असतो. फोटोतला कागद आधी सरळ आणि सपाट करून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

आता एक उदाहरण पाहू. महाराष्ट्रातल्या एखाद्या सुपरमार्केटचे पाच वस्तूंचे बिल आहे, असे समजा. त्यातल्या साबणाच्या दोन ओळी ओसीआरने अशा वाचल्या:

```
BATH SOAP 100G
3401   4   45.00   38.00   162.00
```

वस्तूचे नाव वरच्या ओळीत आणि आकडे खालच्या ओळीत अशी मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. त्यामुळे नाव आणि आकडे यांची जोडी लावणे ही पहिली पायरी. ३४०१ हा साबणाचा एचएसएन कोड, ४ हे नग, ४५ रुपये एमआरपी, ३८ रुपये दुकानाचा दर आणि शेवटी रक्कम. चार गुणिले ३८ म्हणजे १५२, पण वाचले गेले १६२. चूक दरात आहे की रकमेत, हे या एका ओळीवरून सांगता येत नाही. त्यासाठी बिलाच्या तळाशी जावे लागते.

तळाशी करांचा छोटा तक्ता असतो. एमआरपीत सर्व कर धरलेलेच असतात आणि दुकानाचा दरही करासह असतो, त्यामुळे तिथली कराची रक्कम ही विक्रीच्या रकमेतून उलटी काढलेली असते. ती एकूण बिलात पुन्हा मिळवणे ही या कामातली नेहमीची चूक आहे. अमेरिकेतल्या पावत्यांवर बहुधा कर शेवटी मिळवला जातो. तिथल्या पावत्यांसाठी लिहिलेला नियम आपल्या बिलाला लावला की बेरीज फुगते.

आपल्या बिलात ५ टक्क्यांच्या गटासमोर करपात्र मूल्य ४८४.७६, सीजीएसटी १२.१२ आणि एसजीएसटी १२.१२ छापले आहे. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीत हे दोन्ही कर सारखेच असतात, म्हणून त्यांतला एक १२.७२ वाचला गेला असता तर तेवढ्यावरूनच शंका आली असती. तिन्ही आकड्यांची बेरीज ५०९.०० होते. या गटात साखर ९२, चहा २६५ आणि साबण आहे. साबण १५२ धरला तरच ५०९ जुळतात, १६२ धरला तर दहा रुपये वाढतात. दर बरोबर होता, रकमेतला ५ हा ६ असा वाचला गेला होता. साबणाचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हा जुन्या बिलात तो दुसऱ्या गटात सापडेल; वस्तूचा करदर बिलाची तारीख पाहूनच ठरवावा.

दुरुस्तीनंतरचा तक्ता असा होतो:

| वस्तू | नग / वजन | दर (₹) | रक्कम (₹) | कर |
|---|---|---|---|---|
| तूरडाळ, सुटी | १.२४८ किलो | १४२.०० | १७७.२२ | ०% |
| साखर | २ किलो | ४६.०० | ९२.०० | ५% |
| चहा | १ | २६५.०० | २६५.०० | ५% |
| साबण | ४ | ३८.०० | १५२.०० | ५% |
| धुण्याची पावडर | १ | २१०.०० | २१०.०० | १८% |

बेरीज ८९६.२२, राउंड ऑफ उणे ०.२२, देय रक्कम ८९६.००. ही देय रक्कम शोधतानाही सावध राहावे लागते. 'बिलातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे एकूण' हा नियम सोपा वाटतो, पण ग्राहकाने हजार रुपये रोख दिले असतील तर बिलावर १,००० हा आकडा असतो आणि त्याखाली परत दिलेले १०४. त्याचप्रमाणे 'आपली बचत' ही ओळ एमआरपी आणि दर यांतला फरक सांगते. ती कुठेही वजा करायची नसते.

पैशांच्या पातळीवर मात्र हिशेब ताणू नये. धुण्याच्या पावडरीचे २१० रुपये १.१८ ने भागले की करपात्र मूल्य १७७.९७ येते आणि प्रत्येकी ९ टक्के कर १६.०२, तिन्हींची बेरीज २१०.०१ होते. हा एक पैसा पूर्णांकनाचा आहे, वाचनाचा नाही. प्रत्येक गटामागे एक-दोन पैशांची मुभा ठेवावी आणि त्या फरकासाठी कोणताही आकडा बदलू नये.

या पडताळणीची ताकद दिसते ती ओळ हरवते तेव्हा. बिल घडी घालून ठेवले आणि साखरेची ओळ नेमकी घडीवर येऊन पुसली गेली, असे समजा. उरलेल्या चार वस्तूंची बेरीज ८०४.२२ येते, छापलेली बेरीज ८९६.२२ आहे, म्हणजे ९२ रुपये कमी पडतात. ५ टक्क्यांच्या गटातही ५०९ ऐवजी ४१७ च सापडतात, म्हणजे तिथेही तेच ९२ कमी. हरवलेली रक्कम ९२ आहे आणि तिचा कर ५ टक्के आहे, इतके खात्रीने लिहिता येते. ती एकच वस्तू होती की दोन, आणि ती साखर होती की आणखी काही, हे गणित सांगू शकत नाही. तेव्हा तक्त्यात रक्कम आणि करदर भरावा, नावाचा आणि नगाचा रकाना रिकामा ठेवावा, आणि घडी सपाट करून, उजेड बाजूने तिरपा पाडून त्या जागेचा फोटो पुन्हा घ्यावा.