पाणी न पिणारं काँक्रीट

स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर आळी बांधायची, पाणी भरायचं आणि ते आटू द्यायचं नाही, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. त्यातल्या कॅल्शियमच्या संयुगांशी पाण्याची क्रिया होते आणि पाणीच त्या नव्या दगडाचा भाग बनतं. पाणी तुटलं की क्रिया अर्धवट राहते.

औष्णिक वीजकेंद्रांतली राख आपल्या घरांत आधीच पोचली आहे. राख मिसळलेल्या सिमेंटच्या, म्हणजे पीपीसीच्या पोत्यात ती 15 ते 35 टक्के असते. ही राख स्वतःहून घट्ट होत नाही. सिमेंट पाणी पिताना थोडा चुना बाहेर टाकतं, त्या चुन्याशी राख सावकाश जुळते. म्हणून अशा काँक्रीटची ताकद उशिरा येते आणि साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायचं, तर इथे किमान 10 दिवस, असं आपलं मानक सांगतं. कंत्राटदाराला घाई असते म्हणून नेमकं हेच पाळलं जात नाही, आणि मग दोष सिमेंटला दिला जातो.

सिमेंट पूर्णच काढून टाकलं, तर राखेला चुना मिळणार कुठून? जिओपॉलिमर काँक्रीटमध्ये चुन्याची जागा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचं द्रावण घेतं. राखेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या गोटीसारखा दिसतो. सोडा ही काच विरघळवतो, तिच्यातले सिलिका आणि ॲल्युमिना सुटे होतात आणि पुन्हा एकमेकांना धरून जाळं विणतात. हे विणताना पाणी वापरलं जात नाही, उलट बाहेर पडतं. पाणी इथे फक्त हमाल आहे. जोझेफ डेव्हिडोविट्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात अशा पदार्थांना 'जिओपॉलिमर' हे नाव दिलं.

एक घनमीटरचं साधं मिश्रण पाहू. राख 400 किलो, द्रावण तिच्या 40 टक्के, म्हणजे 160 किलो. त्यात सिलिकेट 114 किलो आणि सोड्याचं द्रावण 46 किलो. बाकी वाळू आणि खडी. सोड्याचं द्रावण 8 मोलरचं असेल, तर दर लिटरमध्ये 320 ग्रॅम सोडा असतो. तो विरघळताना द्रावण चांगलंच तापतं, म्हणून ते आदल्या दिवशी करून ठेवतात. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

हे मिश्रण चिकट असतं, फावड्याला ओढून धरतं. मिक्सरवरच्या माणसाला बादलीभर पाणी घालावंसं वाटतं, आणि घात तिथेच होतो. जास्तीचं पाणी सोडा पातळ करतं आणि निघून गेल्यावर मागे छिद्रं सोडतं.

स्लॅग न घालता नुसत्या राखेच्या अशा काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा, क्यूब, साच्यातून काढून साध्या हवेत ठेवला, तर दुसऱ्या दिवशीही त्यावर नखाने रेघ ओढता येईल इतका तो कच्चा राहू शकतो. तोच क्यूब झाकून 60 अंश सेल्सियसच्या भट्टीत 24 तास ठेवला, तर खणखणीत होतो. काच विरघळायला उष्णता लागते. अशा कच्च्या काँक्रीटवर आळी बांधून पाणी भरलं, तर फायदा होत नाहीच, सोडा मात्र धुऊन जातो.

उघड्यावरच्या कामाला भट्टी कुठून आणणार? त्यावर उपाय म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, स्लॅग. तिच्यात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे साध्या तापमानालाही मिश्रण घट्ट होतं. ऑस्ट्रेलियात टूवूम्बाजवळचा वेलकॅम्प विमानतळ 2014 मध्ये सुरू झाला. विमानं उभी राहतात ते तिथले जाड थर राख आणि स्लॅगच्या अशाच काँक्रीटचे आहेत. पण स्लॅग वाढवला की मिश्रण लवकर आवळतं, ओतायला वेळ कमी मिळतो आणि वाळताना आकसणं वाढतं. म्हणून पृष्ठभाग ताबडतोब प्लास्टिकने झाकावा लागतो. पाणी पाजायला नव्हे, असलेलं पाणी उडू नये म्हणून.

सोडा प्रमाणाबाहेर झाला की तो दिसतो. ठोकळ्याचं एक टोक उथळ पाण्यात उभं ठेवा. पाणी वर चढतं, सुटा सोडा बरोबर नेतं आणि पाण्याच्या रेषेच्या वर पांढरी, केसाळ बुरशीसारखी पूड उगवते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून सोड्याचा कार्बोनेट झालेला असतो.

सळईची काळजी अधिक खोल आहे. साध्या काँक्रीटमध्ये चुन्याचा साठा असतो, तो सळईभोवतीचा अल्कधर्म दीर्घकाळ टिकवतो आणि गंज रोखतो. जिओपॉलिमरमध्ये असा साठा नाही, अल्क छिद्रांतल्या पाण्यातच असतो. त्यामुळे सळईवरचं काँक्रीटचं आवरण आणि त्याची घट्ट वीण यांत तडजोड चालत नाही. आम्लापुढे आणि आगीपुढे मात्र हेच काँक्रीट सहसा जास्त टिकतं, कारण आम्लात चटकन विरघळणारा चुना त्यात नसतो.

अशा काँक्रीटसाठीचं भारतीय मानक 17452 हे 2020 मध्ये आलं, तेही कारखान्यात ओतलेल्या तयार वस्तूंसाठी. तिथे द्रावण मोजून घालता येतं, साचे झाकता येतात, भट्टी लावता येते आणि मिक्सरपाशी पाण्याची बादली ठेवू न देणंही जमतं.