बफेतला पुलाव आणि ढाब्यावरची डाळ, जास्त भरवशाचं कोण?

महिन्यातले दहा-बारा दिवस माझे कामानिमित्त बाहेर जातात आणि बरीच वर्षं माझा हिशोब साधा होता, मोठं हॉटेल म्हणजे सेफ, ढाबा म्हणजे रिस्क. मग नागपूरला एका ट्रेनिंगमध्ये तो हिशोब पार उलटला.

झालं असं की मीटिंग लांबली आणि आम्ही आठ जण पावणेतीनला बफेवर पोहोचलो, जेवण साडेबाराला लागलेलं. तिघांनी व्हेज पुलाव घेतला, तो कोमट होता पण भूक लागलेली, कोण बघतंय. साडेपाचपर्यंत ते तिघेही उलट्या करून आडवे. बाकीच्यांपैकी दोघांनी मटण रस्सा चापला होता, ते रात्री मस्त झोपले आणि पहाटे दोनच्या सुमाराला पोटात कळा येऊन जुलाब सुरू. दुपारी सगळे म्हणत होते पुलाव बाधला, सकाळी म्हणायला लागले की नाही, अख्खं जेवणच खराब होतं. पण घड्याळ बघितलं तर हे दोन वेगळे आजार वाटतात, आणि प्रवासात काय निवडायचं ते या दोघांतल्या फरकातच आहे.

आधी भात. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाचा जंतू बऱ्याचदा असतोच, मातीतून येतो. भात शिजताना जंतू मरतो पण त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली झोपलेली रूपं, उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात, आणि वाढता वाढता भातात एक विष सोडतात. हे विष इतकं चिवट की भात परत कितीही परतला तरी ते जात नाही, जंतू मरतात पण विष तसंच. ते आयतं पोटात गेल्यामुळे त्रास लवकर होतो, अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत, आणि मुख्यतः उलट्याच.

रश्श्याची गोष्ट वेगळी. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचेही बीजाणू असतात, आणि मटण, चिकन, राजमा असलं काही मोठ्या पातेल्यात शिजवून तसंच ठेवलं की त्याला आवडती जागा मिळते कारण मोठं पातेलं मधून थंड व्हायला तास न् तास लागतात. 43 ते 47 अंशांच्या आसपास हा जंतू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकदा वाढीला लागला की एकाचे तासाभरात 64 आणि दोन तासांत चार हजारांवर! पण हा आपलं विष मुख्यतः आपल्या आतड्यात गेल्यावर तयार करतो, त्यामुळे त्रास उशिरा, बहुतेक वेळा आठ ते बारा तासांनी, आणि त्यात जुलाब जास्त, उलट्या क्वचित. आणि महत्त्वाचं म्हणजे ताटात वाढण्याआधी रस्सा नीट रटरट उकळला तर हे जंतू मरतात आणि धोका बराच टळतो.

म्हणजे परत उकळल्याने रस्सा सुधारतो, भात सुधारत नाही. मला हे कळलं तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यासमोर आला तो हायवेवरचा फ्राईड राईस, जो कालच्या भाताचा असू शकतो आणि मोठ्या आचेवर धूर काढत परतल्यामुळे एकदम ताजा वाटतो.

आता ढाब्यावरची डाळ बघा. डाळ सकाळीच शिजवून ठेवलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ऑर्डर आली की एक वाटी डाळ छोट्या कढईत घेतात, वरून फोडणी, भट्टीवर खदखदून उकळी, आणि सरळ टेबलावर. शेवटची पाच मिनिटं तुमच्यासमोर. तंदूर रोटी तर भट्टीतूनच निघते. त्यामुळे ट्रक थांबलेत, गर्दी आहे, अशा ढाब्यावर डाळ तडका, रोटी आणि अंडा भुर्जी मी बिनधास्त खातो. पोट भरतं, प्रोटीन मिळतं, आणि पुढे गाडीत झोपही कमी येते, फक्त वरचं बटर नको म्हणून आधीच सांगायचं. ढाब्याचा धोका असतो तो ताटाच्या कडेला, चिरून ठेवलेला कांदा-काकडी, हिरवी चटणी, लस्सीतला बर्फ. यातलं काहीच आचेवर जात नाही, म्हणजे हात आणि पाणी जसं असेल तसं ते तुमच्यापर्यंत येतं. कांदा खायचाच असेल तर अख्खा मागून समोर फोडून खा, मी तसंच करतो, वेटर हसतो, हसू दे.

बफेत नियम एकच, गरम ते 60 अंशांच्या वर, थंड ते 5 च्या खाली, मधे राहिलेलं दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि बाहेर 32 च्या वर ऊन असेल तर एकच तास. थर्मामीटर कोण घेऊन फिरणार, म्हणून खुणा बघायच्या. झाकण उघडल्यावर वाफ तोंडावर यायला पाहिजे. भांड्याखालचा फ्युएलचा डबा पेटलेला आहे का ते वाकून बघा, बऱ्याचदा विझलेला असतो आणि कुणाचं लक्षच नसतं. ग्रेव्हीवर साय धरली असेल तर ती बराच वेळ तशीच आहे. आणि वेटर जुन्या उरलेल्यावरच नवं ओतत असेल तर वरची वाफ फसवी असते, डाव खालपर्यंत घालून बघा. उशीर झाला असेल तर मी सरळ लाईव्ह काउंटरला जातो, ऑम्लेट, डोसा, जे समोर होतं ते.

एअरपोर्टला निवड सोपी आहे. काचेच्या कपाटात पिवळ्या दिव्याखाली ठेवलेले समोसे आणि पफ कधीचे आहेत ते विचारायचं, सँडविच हाताला चांगलं गार लागलं तरच घ्यायचं, नाहीतर समोर काढलेला डोसा किंवा सीलबंद दही. दही आंबट असतं आणि त्या आंबटपणात हे दोन्ही जंतू सहसा वाढत नाहीत. पण आई प्रवासाला देते त्या दहीभातात आंबू नये म्हणून दूध जास्त आणि दही जेमतेम, तो भात दुपारपर्यंत संपवलेला बरा.

डब्याचं म्हणाल तर दशमी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यांना तोड नाही, चटणीत तर पाणीच इतकं कमी की जंतूंना वाढायला काही उरत नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र नको.

नागपूरचं निदान हा माझा अंदाज आहे, लॅबमध्ये काही गेलं नव्हतं. शिवाय नोरोव्हायरससारखा व्हायरस बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी त्रास देतो, त्यामुळे शेवटच्या जेवणाला दोष देताना आदल्या दिवशीचंही आठवायचं. आम्ही काय केलं, तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट पीत राहिलो. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घ्यायची नाही, डॉक्टर गाठायचा. तिघे उलटीवाले दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हजर होते आणि इडलीच्या भांड्याचं झाकण उघडून वाफ बघत होते.