व्हॉइस आणि इनडायरेक्ट स्पीचचे सराव-संच आम्ही कसे तपासतो

दादर-परळ भागातील क्लासचालक आणि कार्यपुस्तिका काढणारे प्रकाशक आमच्याकडे इंग्रजी व्याकरणाचे संच छपाईपूर्वी तपासायला देतात. त्यांतील व्हॉइस आणि इनडायरेक्ट स्पीचच्या प्रश्नांचा मजकूर आम्ही एकदा सरळ आणि एकदा उलटा वाचतो. म्हणजे उत्तरसूचीतील वाक्य घेऊन, प्रश्न झाकून, त्याचे मूळ वाक्य पुन्हा तयार करतो. मूळ वाक्य हाती आले नाही, तर कुठेतरी काहीतरी सांडले आहे असे समजावे.

व्हॉइसमध्ये हे चटकन कळते. 'द मेकॅनिक इज रिपेअरिंग द लिफ्ट' याचे उत्तर 'द लिफ्ट इज रिपेअर्ड बाय द मेकॅनिक' असे छापले असेल, तर उलटताना 'रिपेअर्स' मिळते. मधला 'बीइंग' गळल्यामुळे चालू काळाचा साधा वर्तमानकाळ झालेला असतो.

इनडायरेक्टमध्ये मात्र मराठी कानाचा अडथळा येतो. आपण सहज म्हणतो, 'अमित म्हणाला की मी उद्या येतो', आणि त्यातला 'मी' अमितच आहे हे सर्वांना कळते. तोच 'मी' इंग्रजीत 'दॅट'च्या पुढे तसाच ठेवला, तर येणारा माणूस अमित न राहता ते वाक्य सांगणारा होतो. ही चूक काळाच्या चुकीपेक्षा गंभीर आहे, असे आमचे मत आहे, कारण काळ चुकला तरी माणूस बदलत नाही.

अलीकडे तपासलेल्या एका संचातील प्रश्न असा होता: अमित सेड टू राहुल, "आय हॅव लॉस्ट युअर पेन." उत्तर होते: अमित टोल्ड राहुल दॅट ही हॅड लॉस्ट हिज पेन. नियमाने पाहता 'आय' बोलणाऱ्याकडे, 'युअर' ऐकणाऱ्याकडे आणि 'हॅव लॉस्ट'चे 'हॅड लॉस्ट', असे सारे बरोबर आहे. पण उलटून पाहिले तर पेन कोणी हरवले आणि कोणाचे हरवले, हे दोन्ही अनिश्चित राहते. 'आय हॅव लॉस्ट माय पेन' आणि 'यू हॅव लॉस्ट युअर पेन' हीसुद्धा त्यातूनच निघतात. आम्ही राहुलच्या जागी नेहा हे नाव सुचवले, म्हणजे 'ही' आणि 'हर' वेगळे पडले आणि गोंधळ मिटला.

काळाचा प्रश्न तरीही उरतो. 'हॅव लॉस्ट', 'लॉस्ट' आणि 'हॅड लॉस्ट' या तिन्ही रूपांचे इनडायरेक्टमध्ये 'हॅड लॉस्ट' होऊ शकते. म्हणून 'डायरेक्टमध्ये लिहा' अशा उलट्या प्रश्नाला सूचीत एकच उत्तर असेल, तर बाकीची बरोबर उत्तरे लिहिणाऱ्या मुलाचे गुण नाहक जातात. तिथे आम्ही पर्यायी उत्तरे समासात नोंदवतो.

'टुडे'चे 'दॅट डे' करावे की नाही, हे मात्र वाक्यावरून ठरत नाही, कारण निरोप त्याच दिवशी सांगितला असेल तर 'टुडे' ठेवणेही योग्यच असते. अशा वाक्यांसाठी आपल्या क्लासात कोणती पद्धत शिकवली जाते, ते संचासोबत एका ओळीत लिहून द्यावे.