वाडीचं वय आणि देशाचं वय

रत्नागिरी जिल्ह्यातली अकरा माणसांची एक वाडी डोळ्यांसमोर आणा. दोन घरं उघडी, बाकीच्यांना कुलूप. माणसांची वयं अशी धरू: ९, १४, ३६, ४१, ५८, ६१, ६४, ६७, ७०, ७३ आणि ८१. वयांच्या क्रमाने त्यांना रांगेत उभं केलं तर बरोबर मधला, म्हणजे सहावा माणूस ६१ वर्षांचा निघतो. यालाच मध्यक वय म्हणतात. निम्मी माणसं त्याहून लहान, निम्मी मोठी.

आता गणपतीला चार कुटुंबं मुंबईहून येतात. नवरा-बायको मिळून आठ चाकरमानी, वयं २९, ३१, ३२, ३४, ३५, ३८, ४० आणि ४३, आणि प्रत्येकी दोन लहान मुलं. रांग सत्तावीस जणांची होते आणि मधला माणूस ३४ वर्षांचा निघतो. एकही पाळणा न हलता वाडी सत्तावीस वर्षांनी तरुण झाली. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, गाड्या परत गेल्या की ती पुन्हा ६१ ची.

म्हणून कोकणाबद्दल मध्यक वय वाचताना जपून वाचावं लागतं. २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली, तेव्हा चाकरमानी मुंबईत मोजले गेले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष बाहेर आहे, हे या आकड्यातच दिसतं. गिरण्यांच्या काळापासूनची ही रीत आहे आणि तिने गाव म्हातारं दिसतं.

देश म्हातारा होतो तो मात्र बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने, आणि ते कारण एकूण प्रजनन दरात दिसतं. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करायचे. प्रत्येक गटात हजार स्त्रियांमागे वर्षाला किती बाळं जन्मली ते मोजायचं आणि सातही आकड्यांची बेरीज करायची. समजा ती ३४० आली. एक स्त्री प्रत्येक गटात पाच वर्षं काढते, म्हणून पाचाने गुणायचं: १७००. म्हणजे हजार स्त्रियांमागे १७०० मुलं, एकीमागे १.७. साधारण २.१ असेल तर पिढी आपली जागा भरून काढते. स्त्रिया कमी असोत वा जास्त, हिशेब हजारामागे असल्याने स्थलांतराने हा आकडा मध्यक वयासारखा हेलकावे खात नाही.

पण तो फसवतो दुसऱ्या तऱ्हेने. जपानमध्ये १९६६ साल पारंपरिक पंचांगानुसार मुलींसाठी अशुभ मानलं गेलं. आदल्या वर्षी २.१४ असलेला दर त्या वर्षी १.५८ वर आला आणि १९६७ मध्ये २.२३ झाला. जोडप्यांनी बाळंतपण फक्त पुढे-मागे केलं होतं. एका वर्षाचा दर पाहून निष्कर्ष काढू नये तो यासाठी.

खरा फरक पडतो तो दर किती वेगाने उतरला याने. फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला सुमारे ११५ वर्षं लागली. तिथे जन्म अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच हळूहळू घटत होते. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा थोडीशीच लहान राहिली आणि पुढे बाहेरून तरुण कामगारही येत गेले. दक्षिण कोरियाला तेच अंतर कापायला १८ वर्षं पुरली, २००० ते २०१८. तिथे १९६० च्या सुमारास एका स्त्रीमागे सहा मुलं होती, १९८३ पर्यंत दोन. १९७० मध्ये दहा लाख बाळं जन्मली, २०२३ मध्ये दोन लाख तीस हजार. युद्धानंतरची ती भरगच्च पिढी आता ६५ ओलांडते आहे आणि तिच्यामागे येणारी रांग विरळ आहे. आयुर्मान वाढलं हेही खरं, पण एवढा वेग त्याने एकट्याने आला नसता. वरचं टोक भरत असतानाच खालचं रिकामं होतं, तेव्हाच मधला माणूस इतका झपाट्याने पुढे सरकतो.

महाराष्ट्राचा प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता. म्हणजे कोकणात आता दोन्ही कारणं एकत्र येत आहेत, आणि गणपतीला येणारी गाडीही पूर्वीइतकी भरलेली नसेल. त्या चार कुटुंबांत दोनऐवजी एकेकच मूल धरा. रांग तेवीस जणांची होते आणि मधला, म्हणजे बारावा माणूस ३६ वर्षांचा निघतो. चाकरमान्यांच्या येण्या-जाण्याने सत्तावीस वर्षांचा फरक पडला होता, इथे फक्त दोन वर्षांचा दिसतो. पण ही न जन्मलेली चार मुलं पुढच्या कुठल्याच गणपतीला येणार नाहीत, आणि त्यांची मुलंही नाहीत.